ना कार्डावर, ना डिस्कवर : मधेच तुटलेल्या कट-पेस्टमधून परत मिळवलेले फोटो

सातारा जिल्ह्यातील आमचा जुना वाडा यंदा उतरवायचा ठरला. माडीच्या काही तुळयांना वाळवी लागली होती आणि पुढचा पावसाळा तो काढेल अशी खात्री कोणालाच वाटत नव्हती. मात्र बहुतेक लाकूड अजून निकोप असल्यामुळे ते जपून काढायचे आणि मागच्या जागेत लहान प्रमाणावर पुन्हा उभे करायचे, असे घरात एकमताने ठरले. त्यासाठी सुतारकाकांनी प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि कडीवर खडूने क्रमांक घातले आणि कोणते लाकूड कशात बसले आहे हे दिसेल अशा बेताने प्रत्येक सांध्याचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले. तीन दिवसांत मी ८६२ फोटो काढले. कॅमेऱ्यातील क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करून, प्रत्येक फोटोचा क्रमांक आणि त्यातील लाकडाचा क्रमांक मी एका वहीत समोरासमोर लिहीत गेले. चौथ्या दिवशी वाडा उतरवायला सुरुवात झाली, त्यामुळे ते सांधे आता पुन्हा पाहायला मिळणार नव्हते.

पुण्याला परतल्यावर मी कॅमेऱ्याचे ६४ जीबीचे कार्ड यूएसबी रीडरमधून लॅपटॉपला जोडले, सगळे फोटो निवडून कट केले आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट केले. या डिस्कची केबल रुंद, चपट्या पिनेची आहे आणि ती पिन बरेच दिवस सैल झालेली होती. हस्तांतर निम्म्याच्या पुढे गेले असताना मी लॅपटॉप टेबलावरून किंचित सरकवला, डिस्कवरचा दिवा विझला आणि ते ठिकाण उपलब्ध नसल्याचा संदेश पडद्यावर आला. केबल पुन्हा दाबून बसवल्यावर डिस्क दिसू लागली, तिच्यातील नवे फोल्डरही दिसले, आणि दोन-तीन फोटो उघडून पाहिल्यावर ते व्यवस्थित उघडले. कट-पेस्ट मधेच थांबले तर उरलेले फोटो मूळ जागी सुरक्षित राहतात, अशी माझी समजूत होती, आणि ती अर्धी बरोबरही होती.

फोल्डरमधील फाइल मोजल्यावर तिची उरलेली बाजू कळली. कार्डावर ३३८ फोटो शिल्लक होते, क्रमांक ५२५ ते ८६२. डिस्कवर ४९७ फोटो दिसत होते, क्रमांक १ ते ४९७. दोन्हींची बेरीज ८३५ होत होती, म्हणजे ४९८ ते ५२४ हे २७ फोटो ना कार्डावर होते, ना डिस्कवर. मग डिस्कवरील फोटो एकेक करून उघडत गेले तेव्हा ४७९ ते ४९७ हे १९ फोटोही उघडत नसल्याचे लक्षात आले. त्यांची नावे बरोबर होती, तारखा बरोबर होत्या, प्रत्येकाचा आकारही सुमारे ८ एमबी, म्हणजे जसा असायला हवा तसाच दिसत होता. परंतु फाइलमधील प्रत्येक बाइट हेक्स आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत केवळ शून्ये दिसत. धडधाकट जेपेग फाइलची सुरुवात नेहमी `FF D8 FF` या तीन बाइटांनी होते. येथे त्यांच्या जागी `00 00 00` होते. एकूण ४६ फोटो हातातून गेले होते, आणि वहीत पाहिले तर ते सगळे माडीच्या तुळयांचे, म्हणजे सर्वांत गुंतागुंतीच्या सांध्यांचे होते.

हे असे का घडले, हे समजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही, असे मी त्या रात्री ठरवले, आणि तो निर्णय पुढे उपयोगी पडला. एकाच डिस्कवरील एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल कट करून पेस्ट केली तर तिच्यातील मजकूर जागचा हलतही नाही; केवळ तिची नोंद एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे लिहिली जाते आणि म्हणूनच ते काम क्षणात होते. कार्डावरून डिस्कवर जाताना मात्र हलवणे असे काही नसते. तेथे आधी फाइलची प्रत तयार होते आणि प्रत झाली असे विंडोजला वाटले की मूळ फाइल पुसली जाते. फोटोंच्या बाबतीत हे एकेका फाइलचे चालते, त्यामुळे क्रमांक ५२५ ची प्रत अर्धवट असताना केबल तुटली तरी तो फोटो कार्डावर जसाच्या तसा राहिला. पण ५२४ पर्यंतच्या सगळ्यांची प्रत झाली असे विंडोजच्या लेखी नोंदले गेले होते आणि ते कार्डावरून पुसले गेले होते.

घोळ झाला तो ‘प्रत झाली’ या शब्दांच्या अर्थात. बाहेरच्या डिस्कसाठी विंडोजमध्ये दोन पर्याय असतात, Quick removal आणि Better performance. काही महिन्यांपूर्वी मोठ्या फाइल लवकर जाव्यात म्हणून मी स्वतःच दुसरा पर्याय निवडून ठेवला होता. या पर्यायात मजकूर आधी संगणकाच्या मेमरीत साठवला जातो आणि तेथून सवडीने डिस्कवर लिहिला जातो. प्रोग्रॅमला मात्र काम झाल्याचे आधीच कळवलेले असते. माझ्या बाबतीत अशा प्रकारे मेमरीत थांबलेले सुमारे ३७० एमबी, म्हणजे तेच ४६ फोटो, केबल निघताच वाऱ्यावर गेले. त्यांपैकी १९ फोटोंचे नाव आणि आकार डिस्कच्या नोंदवहीत चढला होता पण मजकूर आला नव्हता. उरलेल्या २७ जणांचे तर नावही चढले नव्हते. विंडोजच्या Event Viewer मध्ये त्या मिनिटाला पडलेल्या नोंदींत `Delayed Write Failed` हे शब्द मला सापडले तेव्हा या तर्काला दुजोरा मिळाला.

यातून पुढचा मार्ग आपोआप ठरला. डिस्कवर जे कधी पोहोचलेच नाही ते डिस्कवर शोधून फारसे हाती लागणार नव्हते. शोधायचे होते ते कार्डावर, जेथून फोटो पुसले गेले होते. पुसणे म्हणजे खरवडून काढणे नव्हे. माझ्या कार्डावर एक्सफॅट ही फाइल पद्धत होती, आणि ६४ जीबीचे कार्ड सहसा त्याच पद्धतीने फॉरमॅट केलेले येते. या पद्धतीत फाइल पुसली की तिच्या नोंदीतील वापरात आहे असे सांगणारी एक खूण बदलली जाते आणि तिने व्यापलेली जागा रिकामी म्हणून जाहीर होते, एवढेच. नाव, आकार आणि मजकूर कोठून सुरू होतो तो पत्ता त्या नोंदीत तसाच पडून राहतो, आणि त्या पत्त्यावरचा मजकूरही, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जागेवर असतो. अट एकच होती : त्या कार्डावर आता एक अक्षरही लिहिले जाता कामा नये.

माझ्या चुलतभावाने फोनवर सुचवले होते की कार्ड कॅमेऱ्यात घालून दोन-चार फोटो काढून पाहावे, म्हणजे कार्ड तरी चालते की नाही ते कळेल. त्याचा हेतू चांगला होता, परंतु नव्याने काढलेला प्रत्येक फोटो त्या रिकाम्या ठरलेल्या जागेवर बसू शकला असता आणि एकेका फोटोमागे एकेक तुळई कायमची जाऊ शकली असती. मी कार्ड रीडरमधून काढले आणि त्याच्या कडेची बारीक पट्टी खाली सरकवून ते लॉक केले. ही पट्टी कार्डाच्या आतील काही बंद करत नाही. तिची जागा पाहून रीडरने लिहिण्यास नकार द्यायचा असतो आणि बहुतेक रीडर तो देतात. दुसरी सावधगिरी विंडोजच्या बाबतीत होती. डिस्क पुन्हा जोडताना ती तपासून दुरुस्त करावी का, असा प्रश्न पडद्यावर आला होता आणि मी तो सुदैवाने बंद केला होता. ती तपासणी करणाऱ्या `chkdsk` चे काम नोंदी एकमेकांशी जुळवून घेण्याचे आहे, हरवलेला मजकूर जपण्याचे नाही. जुळत नसलेली नोंद काढून टाकून तिचा मजकूर ते `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांकांच्या नावाने टाकते, आणि त्या खटाटोपात स्वतः डिस्कवर लिहिते. शोधाआधी ते चालवणे म्हणजे चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधी केर काढण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडून एक रिकामी हार्ड डिस्क आणली आणि प्रत्यक्ष कार्डावर शोध घेण्याऐवजी आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत काढायची ठरवले. या प्रतीत फाइलच नव्हे, तर रिकामी ठरलेली जागाही बाइटास बाइट उतरते, आणि नंतर शोधाचे कितीही प्रयोग त्या प्रतीवर करता येतात. एखादा फसला तरी मूळ कार्डाला धक्का लागत नाही. यासाठी मी पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी सिस्टमरेस्क्यू ही विनामूल्य लिनक्स प्रणाली वापरली, कारण डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही तिन्ही साधने तिच्यात आधीच असतात आणि जोडलेली कार्डे ती आपण होऊन उघडत नाही. आधी कोणते उपकरण कोणत्या नावाने दिसते ते आकारावरून ओळखले आणि मग प्रत काढली :

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
mkdir /mnt/jaga
mount /dev/sdc1 /mnt/jaga
ddrescue -d /dev/sdb /mnt/jaga/card.img /mnt/jaga/card.map
```

माझ्या संगणकावर कार्ड `sdb` आणि शेजाऱ्यांची डिस्क `sdc` होती. दुसऱ्या संगणकावर ही नावे वेगळी असतील. शेवटच्या ओळीत आधी कोठून आणि मग कोठे हा क्रम आहे. तो उलटा झाला तर वाचवायचे ते साधनच पुसून निघते, म्हणून ती ओळ मी टंकली, मोठ्याने वाचली, `lsblk` ने दाखवलेला ५९.५ जीबीचा आकडा पुन्हा पाहिला आणि मगच एंटर दाबले. वेष्टनावर ६४ लिहिलेले असताना येथे ५९.५ दिसते, कारण दोन्हीकडे मोजण्याचे एकक वेगळे असते. जागा कोठे हरवलेली नसते. रीडर जुना असल्यामुळे सेकंदाला जेमतेम २० एमबी या वेगाने प्रत निघाली आणि तिला सुमारे ५५ मिनिटे लागली. वाचता न आलेल्या जागांचा आकडा शेवटपर्यंत शून्य राहिला. म्हणजे कार्ड स्वतः निरोगी होते.

ही प्रत हाती आल्यावर पुसलेल्या फाइल शोधण्यासाठी टेस्टडिस्क सुरू केले. त्यात माउस चालत नाही. बाणांच्या कळांनी पर्याय निवडत जावे लागते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचा काळा पडदा थोडा दडपण आणणारा वाटतो. `testdisk card.img` असे सुरू केल्यावर Proceed, मग Intel, मग Advanced असे जायचे, एक्सफॅटचा विभाग निवडायचा आणि खालच्या ओळीतून Undelete घ्यायचे. फोल्डरची यादी उघडली आणि पुसलेल्या फाइल लाल अक्षरांत एकाखाली एक उभ्या राहिल्या : `DSC_0479.JPG`, `DSC_0480.JPG`, `DSC_0481.JPG`. नावे मूळची होती, आकार मूळचे होते, काढल्याची वेळही मूळची होती. यादी खाली सरकवत ५२४ पर्यंत नेली तेव्हा मध्ये एकही क्रमांक गळलेला नव्हता. हवे ते ४६ फोटो खुणा करून निवडले आणि मोठ्या `C` ने शेजाऱ्यांच्या डिस्कवर उतरवून घेतले.

नाव परत मिळाले म्हणजे फोटो परत मिळाला असे नसते, हे त्या शून्यांच्या १९ फाइलींनी शिकवले होते, त्यामुळे या ४६ पैकी प्रत्येक फोटो मी पूर्ण आकारात उघडून वरपासून खालपर्यंत पाहिला. छोट्या चित्रांची जाळी पाहून समाधान मानणे येथे फसवे ठरते, कारण जेपेग फाइलच्या सुरुवातीला तिचे एक इवलेसे चित्र वेगळे साठवलेले असते आणि पुढचा सगळा मजकूर बिघडला तरी ते उत्तम दिसू शकते. जाळीत मला सगळे ४६ फोटो व्यवस्थित दिसत होते. उघडल्यावर त्यांतील ४१ खरोखरच निर्दोष निघाले. उरलेल्या पाचांपैकी दोघांचा वरचा तिसरा हिस्सा ठीक होता आणि खाली सपाट राखाडी रंग पसरला होता; दुसऱ्या दोघांत अर्ध्यावरून पुढे रंगीत पट्ट्या होत्या; आणि क्रमांक ५०३ मध्ये तर तुळईच्या खालच्या भागात कोणाच्या तरी जरीच्या पदराचे तुकडे दिसत होते.

त्या पदरानेच कारण सांगितले. याच कार्डावर मागच्या वर्षीच्या एका लग्नाचे फोटो होते आणि त्यातले नको ते मी अधूनमधून कॅमेऱ्यातच पुसत असे. त्यामुळे कार्डावरील रिकामी जागा सलग उरली नव्हती. भरलेल्या जागांच्या मधे मधे लहान भोकसे तयार झाले होते. माझ्या कार्डावर जागेचा एकेक कप्पा १२८ केबीचा होता, म्हणजे ८ एमबीच्या फोटोला सुमारे ६४ कप्पे लागत. ते सलग मिळाले तर पहिल्या कप्प्याचा पत्ता आणि एकूण आकार एवढ्यावर फोटो पूर्ण परत येतो. सलग न मिळाल्यास कॅमेरा काही कप्पे एका भोकशात आणि उरलेले दुसरीकडे ठेवतो. फाइल जिवंत असताना या तुकड्यांचा क्रम लिहिलेला असतो, पण पुसल्यावर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे माझ्या पाच फोटोंत पहिल्या कप्प्यापासून सरळ पुढचे ६४ कप्पे उचलले गेले आणि मधेच शेजारचा लग्नाचा फोटो लागला.

अशा तुकडे झालेल्या फोटोंसाठी फोटोरेक हे टेस्टडिस्कचेच भावंड उपयोगी पडते. ते नावे आणि नोंदी पाहतच नाही. प्रतीतील मजकूर कप्प्यामागून कप्पा वाचत जाते आणि जेथे जेपेगची सुरुवात दिसेल तेथून फोटो जुळवू पाहते. त्याच्या पर्यायांत Paranoid हा पर्याय Brute force सह निवडला तर तुटलेल्या जेपेगसाठी ते पुढचे निरनिराळे कप्पे लावून पाहते. हे काम फार संथ असते, तरी माझी घाई नव्हती. रात्री सुरू करून सकाळी पाहिले तर `recup_dir.1` पासून पुढे अनेक फोल्डर भरलेले होते आणि त्यांत `f` या अक्षरापुढे लांबलचक आकडा अशा नावांचे शेकडो फोटो होते. त्यात लग्नही होते, वाडाही होता आणि मी विसरलेले इतरही बरेच काही होते. मूळ नावे नसली तरी फोटो काढल्याची वेळ प्रत्येक फोटोच्या आत नोंदलेली असते, म्हणून ती नोंद वाचणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने त्या वेळेवरून त्यांना नावे दिली :

```
exiftool "-FileName<DateTimeOriginal" -d "%Y%m%d_%H%M%S%%-c.%%e" recup_dir.1
```

हीच आज्ञा प्रत्येक फोल्डरवर चालवली. मग वाड्याचे तीन दिवस वेगळे काढणे सोपे गेले, आणि वहीतील क्रमांकांच्या आगेमागे असलेल्या फोटोंच्या वेळा पाहून हवे ते पाचही फोटो मिनिटभरात सापडले. त्यांपैकी दोन आता पूर्ण होते. जरीचा पदर आलेला ५०३ त्यांतलाच एक होता, आणि त्या तुळईच्या टोकाला सुतारकाकांनी खडूने लिहिलेला १७ हा आकडा मला स्वच्छ वाचता आला.

उरलेल्या तीन फोटोंसाठी मी पुन्हा बाहेरच्या डिस्ककडे वळले. तेथे काही मिळण्याची आशा नाही असे मी आधी धरून चालले होते, पण नीट विचार केल्यावर त्यात एक फट दिसली. मेमरीतील मजकूर डिस्कवर कोणत्या क्रमाने उतरेल याची हमी नसते. नाव चढले आणि मजकूर नाही, असे १९ वेळा झाले होते; तसेच मजकूर पोहोचला आणि नाव चढायचे राहिले, असेही काही फोटोंच्या बाबतीत घडलेले असू शकत होते. असा मजकूर डिस्कच्या रिकाम्या ठरलेल्या भागात निनावी पडून राहिला असता. ही डिस्क १ टीबीची होती आणि तिची पूर्ण प्रत ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती, म्हणून येथे मी थेट डिस्कवरच फोटोरेक चालवले, मात्र शोधाची व्याप्ती Free, म्हणजे केवळ रिकामी जागा, अशी ठेवली आणि सापडलेले सगळे शेजाऱ्यांच्या डिस्कवर उतरवले. सापडलेली फाइल त्याच डिस्कवर साठवली तर पुढची न सापडलेली फाइल तिच्याखाली गाडली जाते. या कामात घाईघाईने होणारी ही सर्वांत महागडी चूक आहे. तासाभरात वाड्याचे सहा फोटो निघाले, सगळे ४९८ च्या पुढचे. त्यांतील पाच मला कार्डावरून आधीच मिळालेले होते. सहावा, क्रमांक ५११, हा त्या उरलेल्या तिघांपैकी एक होता.

दोन राहिले : ४८८ आणि ५१९. त्यांचे उरलेले कप्पे कोठे गेले हे मला अखेरपर्यंत सापडले नाही. ४८८ चा मजकूर डिस्कवर शून्यांच्याच रूपात होता आणि ५१९ चा मागमूस नव्हता. मात्र दोघांचाही आरंभीचा भाग शाबूत असल्यामुळे त्यांतले ते इवलेसे, १६० बाय १२० ठिपक्यांचे चित्र काढता आले :

```
exiftool -b -ThumbnailImage DSC_0519.JPG > 0519_lahan.jpg
```

येथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्यासारख्या प्रसंगात सापडलेल्या कोणाचीही निराशा तिच्यावर अवलंबून असते. हेच फोटो कार्डावर नसून लॅपटॉपच्या आतील एसएसडीवर असते आणि तेथून मी ते बाहेरच्या डिस्कवर कट-पेस्ट करत असते, तर वरील सगळ्या खटपटीतून जवळजवळ काहीच मिळाले नसते. एसएसडीवरील फाइल पुसली की विंडोज त्या जागेची आता गरज नाही असे एसएसडीला लगेच कळवते. या आज्ञेला ट्रिम म्हणतात. ती मिळाली की एसएसडी तो मजकूर आपल्या सोयीने आतून खरोखर पुसून टाकतो, आणि पुसून व्हायच्या आधीही त्या जागी विचारणा केली तर बहुधा शून्येच परत देतो. अशा ठिकाणी शोधसाधन फाइलचे नाव दाखवते, आकार दाखवते, आत मात्र काही नसते. साध्या यूएसबी रीडरमधील कार्डापर्यंत ही आज्ञा सहसा जात नाही, म्हणून माझे फोटो तेथे टिकले. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवरही पुसलेला मजकूर असाच टिकतो. एसएसडीच्या बाबतीत वेळ न दवडता आधी लॅपटॉपची बॅकअप प्रत, क्लाउडवरील फोल्डर आणि ती फाइल ज्यांना पाठवली असेल त्यांच्याकडील प्रत शोधावी. पुसलेल्या फाइल उठवण्याच्या प्रयत्नाला त्यानंतरचे स्थान द्यावे.

शेवटी सगळे फोटो एकत्र करताना कार्डावरचे ३३८ फोटो मी कार्डाच्या प्रतीतूनच कॉपी करून घेतले, कार्डाला हात लावला नाही. डिस्कवरील पहिले ४७८ फोटो उघडत होते, तरीही ते पूर्ण आहेत का याची शहानिशा करायची होती. त्यांच्या पुसलेल्या मूळ प्रतीही टेस्टडिस्कच्या त्याच लाल यादीत होत्या. त्या सगळ्या उतरवून दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, जुळवले तेव्हा ४५३ तंतोतंत जुळले. जे २५ जुळले नाहीत त्यांत डिस्कवरील प्रत निर्दोष होती आणि कार्डावरून उठवलेली प्रतच तुकड्यांमुळे बिघडलेली होती. हॅश जुळवताना आधी डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडणे आवश्यक असते. नुकतीच लिहिलेली फाइल तपासायला घेतली तर संगणक ती डिस्कवरून न वाचता मेमरीतून वाचून दाखवू शकतो, आणि मग जे डिस्कवर पोहोचलेलेच नाही तेही बिनचूक असल्याचे दिसते. माझ्या ४६ फोटोंची तपासणी केबल निघण्याच्या आदल्या क्षणी झाली असती, तर तीही उत्तीर्ण झाली असती.

आता त्या डिस्कचा पर्याय मी पुन्हा Quick removal वर ठेवला आहे, केबल नवी घेतली आहे, आणि कार्डावरचे फोटो कट करत नाही. कॉपी करते, डिस्क काढून पुन्हा जोडते, हॅश जुळवते आणि त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करते. फॉरमॅट केल्यामुळे रिकामी जागा सलग होते आणि पुढचे फोटो तुकडे न होता बसतात, हा त्यातला दुसरा फायदा.

पुढच्या रविवारी गावी जाऊन सुतारकाकांना ८६० फोटो छापील क्रमांकांसह दिले आणि राहिलेल्या दोन सांध्यांची ती इवलीशी चित्रे मोठी करून दाखवली. खडूचा आकडा त्यात वाचता येत नव्हता. ५१९ चे चित्र त्यांनी डोळ्यांपासून जवळ-दूर धरून पाहिले आणि म्हणाले, "ताई, ही जिन्यावरची हो. हिला खालून खाच आहे, तशी दुसरीला नाही." रचून ठेवलेल्या लाकडांतून त्यांनी ती तुळई काढून दाखवली. तिच्या टोकाला पुसट झालेला ३१ हा आकडा होता, आणि तो मी वहीत ५१९ समोर लिहिलेल्या आकड्याशी जुळला. ४८८ च्या चित्रात दोन कड्या एकमेकींना चिकटून दिसतात आणि कोणती कोणावर बसली होती हे त्यातून ओळखता येत नाही. तो एक सांधा लाकडे प्रत्यक्ष लावून पाहतानाच ठरेल, असे काकांनी सांगितले आहे.